कानाशी तीन तास

"एकच तर पाहुणे आहेत. त्यांच्या कानात हळूच सांगायचं. त्याला दोन दुभाषी कशाला?" आयोजकांनी फोनवर असं विचारलं तेव्हा उत्तर मला माहीत होतं. पण काम हवं होतं, म्हणून "बरं, एकटी येते" म्हणून मोकळी झाले. बैठक तीन तासांची, इंग्रजीत चालणारी. पंप पुरवणाऱ्या एका चिनी कंपनीचे तांत्रिक प्रमुख तिला बसणार होते आणि त्यांचं इंग्रजी नमस्कार-चमत्कारापुढे जात नव्हतं.

या कामात दुभाष्यासाठी काचेचा बंद बूथ नसतो, हेडफोन नसतो. समोरचा बोलत असतानाच, त्याला न थांबवता, पाहुण्याच्या कानाशी त्याच्या भाषेत सांगत राहायचं. चिनीत याला ‘अर्यू थुंगछ्वान’ म्हणतात. ‘अर्यू’ म्हणजे कानगोष्ट. नाव गोंडस आहे, काम तसं नाही. बूथमधल्या दुभाषाला बोलणाऱ्याचा आवाज थेट कानात मिळतो. इथे तो खोलीतून, पंख्याच्या घरघरीतून आणि मुख्य म्हणजे स्वतःच्याच आवाजातून गाळून घ्यावा लागतो.

मी अर्धा तास आधी पोचले ते खुर्चीसाठी. माझी खुर्ची पाहुण्यांच्या बरोब्बर मागे, भिंतीला टेकून ठेवलेली होती. फोटोंमध्ये बड्या नेत्यांच्या मागे दुभाषी असेच बसलेले दिसतात, त्यामुळे लोकांना तीच जागा योग्य वाटते. पण तिथून कानात बोलायचं तर प्रत्येक वाक्याला पुढे वाकावं लागतं आणि तासाभरात कंबर बोलायला लागते. मी पाहुण्यांची आणि शेजारच्यांची खुर्ची जराशी फाकवली आणि मधे माझी सरकवली. ती टेबलापासून हातभर मागे, म्हणजे माझे गुडघे पाहुण्यांच्या खुर्चीच्या पाठीशी येतील अशी. तोंड आणि कान यांत दीड वीत अंतर राहतं. त्याहून जवळ गेलं की श्वास कानावर आदळतो आणि माणूस नकळत मान काढून घेतो.

डाव्या बाजूला बसायचं की उजव्या, हे मी बरीच वर्षं सवयीने ठरवत होते. आता पडदा कुठे आहे ते बघते. त्या खोलीत पडदा आणि बोलणाऱ्याची जागा पाहुण्यांच्या उजवीकडे होती. मी डावीकडे बसले. मग त्यांच्याकडे वळलं की आपोआप पडद्याकडेही तोंड होतं; आकडे, नकाशे, बोलणाऱ्याचे ओठ सगळं नजरेच्या एकाच टप्प्यात येतं. उजवीकडे बसले असते तर त्यांच्या कानाशी बोलताना पडद्याला पाठ झाली असती आणि दर मिनिटाला मान उलटी फिरवावी लागली असती. शिवाय मी डावा कान घेतला की त्यांचा उजवा कान खोलीसाठी मोकळा राहतो. भाषा कळत नसली तरी कोण चिडलंय, कोण हसतंय हे त्यांना ऐकायचं असतं. मात्र आधी एक विचारून घ्यावं लागतं: कुठल्या कानाने नीट ऐकू येतं? वय झालेल्या माणसाला हा प्रश्न नाजूक वाटू शकतो, म्हणून मी विचारते, "कुठल्या बाजूला बसू? आपल्याला कुठून सोयीचं?" ते डावा कान दाखवून हसले. माझं काम झालं.

आता आवाजाचं. या प्रकाराला सगळे ‘कुजबुज’ म्हणतात आणि नवी मुलं खरोखरच कुजबुजायला लागतात. चिनीत तर हे फारच महागात पडतं. कुजबुजताना स्वरतंतू थरथरत नाहीत, नुसती हवा घासून बाहेर येते. थरथर नाही म्हणजे स्वराची उंची नाही आणि चिनी शब्दाचा अर्थ तर त्या चढ-उतारावर उभा असतो. ‘माइ’ हा शब्द घ्या. सूर खाली बुडवून म्हटला तर विकत घेणं, वरून खाली आपटला तर विकणं. कुजबुजीत दोन्ही जवळजवळ सारखेच ऐकू येतात. बुडवलेला सूर जरा लांबतो आणि आपटलेला आखूड असतो, एवढाच धागा ऐकणाऱ्याच्या हाती उरतो. खरेदी-विक्रीच्या बैठकीत त्यावर विसंबणं म्हणजे कठीणच.

म्हणून मी कुजबुजत नाही, खालच्या पट्टीत बोलते. छातीतून निघणारा, कमी जोराचा, पण खराखुरा आवाज. सुरांची उडी लहान करते, आकार मात्र ठेवते: चढ तो चढ, उतार तो उतार. याचा आणखी एक फायदा ऐकून नवल वाटेल. शेजाऱ्यांना त्रास होतो तो आवाजाचा कमी, सिसकाऱ्यांचा जास्त. चिनीत श, स, छ, च यांची रेलचेल आहे आणि कुजबुजीत नेमकी ही व्यंजनं सापासारखी फुत्कारत खोलीभर जातात. खालच्या पट्टीतलं बोलणं चार फुटांवर नुसतं गुणगुणल्यासारखं वाटतं. घशालाही तेच बरं. तासभर कुजबुजलं तर घसा कोरडा पडून दुखायला लागतो. शब्दही मी सावध निवडते. नुसतं ‘माइ’ कधी म्हणत नाही. ‘माइचिन’ म्हणजे विकत घेऊन आत आणणं, ‘माइछू’ म्हणजे विकून बाहेर काढणं. सूर हरवला तरी दुसरं अक्षर अर्थ धरून ठेवतं.

पहिली चाळीस मिनिटं छान गेली. बोलणाऱ्याच्या दोन-तीन सेकंद मागे राहून चालले होते. हे अंतर सांभाळणं हीच या कामातली चाल. फार चिकटून गेलं तर वाक्य कुठे वळणार हे कळायच्या आत आपण तोंड उघडलेलं असतं. फार मागे पडलं तर डोक्यात साठवलेलं सांडायला लागतं. इंग्रजीतून चिनीत जाताना अडचण वाक्याच्या रचनेची आहे आणि ती मराठी माणसाला पटकन समजेल. आपण ‘काल दुरुस्त केलेला पंप’ म्हणतो, पंप शेवटी येतो. चिनीतही तसंच. इंग्रजीत पंप आधी येतो आणि त्याच्यामागे ‘जो असा, जो तसा’ची शेपटी वाढत जाते. शेपटी संपेपर्यंत थांबलं तर आपण दहा सेकंद मागे पडलो.

त्या दिवशी खरेदी विभागाच्या प्रमुखांनी एका दमात सांगितलं ते साधारण असं: आम्ही पुढच्या महिन्यात फक्त तेच पंप बसवू, जे दुसऱ्या चाचणीत उतरले आहेत आणि ज्यांची कागदपत्रं वीस तारखेच्या आत आमच्याकडे आली आहेत. ‘दुसऱ्या चाचणीत उतरलेले आणि कागदपत्रं आलेले पंप’ असं व्याकरणशुद्ध चिनी वाक्य बांधायचा मोह मी टाळला. ऐकू येईल तसं तोडत गेले: "पुढच्या महिन्यात पंप बसवणार. सगळे नाही. अट आहे. दुसरी चाचणी पास हवी. आणखी एक, कागदपत्रं वीस तारखेच्या आत हवीत." तुटक वाटतं, पण ऐकणाऱ्याला तेच सोपं जातं. चिनी दुभाष्यांमध्ये या पद्धतीला रीतसर नाव आहे, ‘शुनच्यू छूतुंग’. वाक्याच्या ओघाबरोबर पुढे सरकायचं. यात ‘आणखी एक’ मुद्दाम आहे. एकदा मी उत्साहाने "दोन अटी आहेत" म्हणून बसले आणि बोलणाऱ्याने तिसरी सांगितली. तेव्हापासून मोजणी आधी जाहीर करत नाही.

आकडे आले की दोन-तीन सेकंदांचं अंतरही मी सोडते. आकडा धरून ठेवता येत नाही, त्याला अर्थाचा आधार नसतो. लगेच तोंडातून बाहेर काढावा किंवा कागदावर उतरवावा. चिनी मोजणी दहा हजारांच्या पायरीने चढते. दहा हजार म्हणजे एक ‘वान’, दहा कोटी म्हणजे एक ‘यी’. आपलं डोकं लाख-कोटींत चालतं, बैठक मिलियनमध्ये आणि पाहुणे वानमध्ये, अशी ही तीन पायांची शर्यत. पूर्वी मी मिलियनचे लाख करायची आणि लाखांचे वान. आता मधला थांबा काढून टाकलाय. एक मिलियन म्हणजे शंभर वान, म्हणून दशांश चिन्ह दोन घरं उजवीकडे सरकवायचं. 23.5 मिलियन ऐकलं की कागदावर 2350 लिहून पुढे वानची खूण करायची. वही पाहुण्यांना दिसेल अशी त्यांच्या कोपराजवळ ठेवते. बोलायचंही आणि दाखवायचंही.

वहीचा हा उपयोग त्या दिवशी मी सव्वा तासाला विसरले, तेही एका नजरेमुळे. डावीकडच्या बाईंनी माझ्याकडे वळून पाहिलं. रागाने नाही, पण पाहिलं. मी ओशाळले आणि आवाज आणखी खाली नेता नेता कुजबुजीत घसरले. नेमकी त्याच वेळी गळतीची चर्चा चालू होती. पहिल्या खेपेतल्या चौदा पंपांची सीलं गळत होती. चिनीत चौदा म्हणजे ‘शृ-स्स’, चाळीस म्हणजे ‘स्स-शृ’. पाहुणे दक्षिणेकडचे. तिकडच्या बऱ्याच लोकांच्या बोलण्यात ‘श’ आणि ‘स’ एकच होऊन जातात, त्यामुळे चौदा आणि चाळीस ते सुरांवरून ओळखतात. सूर तर मी कुजबुजीत पुसून टाकले होते. त्यांच्या कपाळावर आठी पडली आणि त्यांनी आपल्या वहीत आकडा लिहिला: 40. तिरक्या नजरेने ते दिसलं म्हणून बरं. मी माझ्या वहीत 14 लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या. त्यांनी खाडाखोड केली आणि खांदे सैल सोडले. पुढच्याच विरामात मी शेजारच्या बाईंना विनंती केली, त्या आनंदाने एक खुर्ची पलीकडे सरकल्या. ही मोकळी खुर्ची मी सकाळीच मागून घ्यायला हवी होती.

तरी यापेक्षा मोठा घोळ झाला तो मान हलवण्यामुळे.

खरेदी प्रमुख म्हणाले, पहिल्या खेपेचं पॅकिंग उत्तम होतं. मग लगेच, श्वासही न घेता, पुढची वाक्यं: यापुढे माल साठ दिवसांऐवजी पंचेचाळीस दिवसांत लागेल, हे तुम्हाला मान्य असेल असं मी धरतो. पाहुण्यांच्या कानात त्या क्षणी पॅकिंगचं कौतुक पोचत होतं. त्यांनी प्रसन्नपणे मान हलवली आणि "तुई, तुई" म्हणाले. म्हणजे ‘बरोबर, बरोबर’. टेबलापलीकडे खरेदी प्रमुखांनी सहकाऱ्याकडे बघून स्मित केलं आणि सहकाऱ्याने काहीतरी टाइप केलं. पंचेचाळीस दिवस मंजूर!

एरवी मी ‘मी’ म्हणते ते पाहुण्यांच्या वतीने. स्वतःच्या वतीने बोलायचं तर तसं सांगावं लागतं, नाहीतर ऐकणाऱ्याला पाहुणेच बोलतायत असं वाटतं. मी मोठ्याने म्हणाले, "दुभाषीकडून एक खुलासा. पाहुण्यांपर्यंत तुमचं बोलणं तीन सेकंद उशिरा पोचतं. त्यांनी मान हलवली ती पॅकिंगच्या वाक्याला. मुदतीचा प्रश्न त्यांनी अजून ऐकलेला नाही." खोलीत जरा हशा पिकला. मग मी मुदतीचं वाक्य त्यांना नीट सांगितलं आणि ते ताठ बसले. पंचेचाळीस दिवस त्यांना मान्य नव्हतेच. सीलं बाहेरून येतात, त्यालाच तीन आठवडे जातात, असं त्यांनी सांगितलं. शिवाय ‘तुई, तुई’ किंवा नुसता हुंकार हा बरेचदा ‘ऐकतोय, पुढे बोला’ एवढाच असतो, होकार नव्हे. तेव्हापासून बैठक सुरू होण्याआधी मी अध्यक्षांना दोन गोष्टी सांगून ठेवते: पाहुण्यांची मान उशिरा हलते, ती जमेस धरू नका, आणि होकार हवा असेल तर प्रश्न सुटा विचारा, विचारून थांबा.

पाहुणे उत्तर देतात तेव्हा सगळा नूर बदलतो. ते चिनीत बोलणार, मी टिपणं घेणार, ते थांबले की मी पूर्ण आवाजात खोलीला इंग्रजीत सांगणार. कानाशी वाकलेली पाठ सरळ होते, श्वास पोटापर्यंत जातो. खरं सांगायचं तर मला हीच विश्रांती वाटते.

दोन तास होत आले तेव्हा मी थकले होते, पण ते मला कळलं नव्हतं. या कामाचा हाच खोडसाळपणा. जिनिव्हा विद्यापीठातल्या संशोधकांनी 1998 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. लहानच होता, पण त्यात समवर्ती, म्हणजे बोलणं चालू असतानाच सांगत जाणाऱ्या दुभाष्यांना नेहमीच्या अर्ध्या तासाच्या पाळीपलीकडे काम करू दिलं गेलं. अर्थाच्या चुका वाढत गेल्या आणि आपलं काम घसरतंय याची त्यांना स्वतःला फारशी जाणीव नव्हती. म्हणून मी ‘थकल्यासारखं वाटतंय का’ हे विचारतच नाही, बाहेरच्या खुणा बघते. माझ्या खुणा ठरलेल्या आहेत. प्रत्येक वाक्य ‘रानहौ’ने, म्हणजे ‘आणि मग’ने, सुरू व्हायला लागतं. अंतर सेकंदाच्याही आत येतं, कारण साठवायची ताकद संपलेली असते आणि मी शब्द ऐकला की शब्द फेकत असते. चिनी वाक्यांना इंग्रजीचा सांगाडा दिसू लागतो. शेवटची खूण म्हणजे पाहुणे माझ्याकडे वळून बघतात. त्या दिवशी ते दोनदा वळले.

मी अध्यक्षांकडे चिठ्ठी सरकवली: ‘दहा मिनिटं विश्रांती हवी, नाहीतर यापुढचे आकडे खात्रीचे नसतील.’ नुसतं ‘मी दमले’ लिहिलं असतं तर त्यांनी "आता आटोपतंच आहे" म्हटलं असतं. आकडे म्हटल्यावर लगेच विश्रांती मिळाली. ती मिळाली तरी हातात पडतेच असं नाही. चहाच्या वेळी पाहुण्यांना कोणाशी तरी बोलायचं असतं, यजमानांना पाहुण्यांशी बोलायचं असतं आणि दुभाषी मधे उभीच. मी पाहुण्यांना सांगून सरळ खोलीबाहेर गेले. दहा मिनिटं कोणत्याच भाषेत बोलले नाही. कोमट पाणी घोट घोट प्यायले, मान विरुद्ध बाजूला हळूहळू ताणली.

परत आल्यावर दोन बदल केले. पडद्याचं काम संपलं होतं, म्हणून पाहुण्यांना विचारून मी उजव्या बाजूला बसले. तो कान जरा कमी ऐकणारा, त्यामुळे थोडी जवळ सरकले. पण मान दुसऱ्या बाजूला वळली, तेवढाच आराम. दुसरं म्हणजे कार्यक्रमपत्रिका अध्यक्षांबरोबर पाहून घेतली. पुढचा पाऊण तास यजमान कंपनीच्या अंतर्गत जागावाटपाचा होता, पाहुण्यांशी त्याचा संबंध नव्हता. मी त्यांना स्पष्ट विचारलं, "हा भाग शब्दशः सांगू, की सारांश चालेल? पंपांचा विषय निघाला की पूर्ण सांगेन." ते म्हणाले, सारांश पुरे. हे विचारल्याशिवाय करायचं नाही. ऐकणाऱ्याला वाटत असतं की सगळं कानावर येतंय आणि आपण गुपचूप गाळत असतो, ही फसवणूक झाली. विचारून केलं की मला दोन मिनिटं ऐकून दोन वाक्यं सांगायची मुभा मिळते आणि शेवटच्या प्रश्नोत्तरांसाठी घसा शिल्लक राहतो.

त्या रात्री मी आयोजकांना कळवलं की उद्याही तीन तासच असतील तर दुसरी दुभाषी लागेल, नाहीतर वीस-वीस मिनिटांचे तुकडे करून मधे थांबावं लागेल. बोलणारे माइक वापरणार असतील तर त्याचा आवाज माझ्या एका कानात इअरफोनवर द्यायला सांगितला, म्हणजे स्वतःच्या बोलण्यावरून ऐकायची कसरत निम्मी होते. तसंच एकाऐवजी तीन पाहुणे आले तर कानात सांगणं सोडून द्यायचं आणि पर्यटकांच्या वाटाड्याकडे असतो तसा छोटा माइक आणि इअरफोनांचा संच आणायचा, हेही लिहिलं. दोघांच्या मधे बसून दोघांना पोचवता येतं, तिसऱ्यासाठी आवाज वाढवावाच लागतो आणि मग खोली वैतागते. इअरफोन मिळाला नाही. दुसरी दुभाषी मिळाली.

सकाळी आम्ही दोघी आत गेलो तर पाहुणे आधीच येऊन बसले होते. त्यांनी आपली खुर्ची टेबलापासून स्वतःच थोडी मागे घेतली होती, डावीकडे दोन खुर्च्या रिकाम्या ठेवल्या होत्या आणि वही उघडून पेन तिच्या मधोमध ठेवलं होतं, माझ्या बाजूला टोक करून.